घोरणं, आंबट पाणी आणि सकाळचा घसा

*डॉक्टर मॅडम, आमचे मिस्टर ४७ वर्षांचे, इतवारीत किराण्याचं ठोक दुकान आहे. दुकान वाढवून घरी येईपर्यंत साडेदहा होतात, पावणेअकराला जेवण आणि साडेअकराला आडवे. दिवाळीपासून रोज सकाळी घसा दुखून राहिला. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, फरक नाही. रात्री दोन-अडीचला दचकून उठतात, तोंडात आंबट पाणी आलं म्हणतात आणि बसून राहतात. घोरणं तर असं की पोरगी दार लावून अभ्यास करते. ते म्हणतात कूलरच्या हवेनं घसा धरतो. पित्ताची गोळी रोज सकाळी पोह्यांनंतर घेतात. वजन ९२ किलो, उंची पाच फूट सहा इंच, बीपीची गोळी दोन वर्षांपासून. खर्रा काही सुटत नाही. घोरण्याचा आणि पित्ताचा संबंध असतो का, का मीच उगाच जोडून राहिली? आणि मी पोरीच्या खोलीत झोपायला गेली तर चालेल का? माझीच झोप होत नाही.*
*— एक वाचक, मानेवाडा*

ताई, तुम्ही जोडलंय ते बरोबर आहे. आधी कूलरला सोडवू, कारण बिचाऱ्यावर नागपुरात दर उन्हाळ्यात हा आळ येतो. दिवाळीत कूलर माळ्यावर असतो. घसा तेव्हापासून दुखतोय, म्हणजे तो गुन्हेगार नाही. शिवाय कूलरची हवा ओली असते, ती घसा कोरडा करत नाही. मागच्या वर्षीचं कुबट गवत न बदलता तसंच लावलं असेल तर नाक चोंदू शकतं, नाक चोंदलं की माणूस तोंडाने श्वास घेतो, इतकाच त्याचा हात. गवत बदलून घ्या आणि तो विषय सोडा.

अँटिबायोटिकचंही तसंच. जंतुसंसर्गाने दुखणारा घसा ताप आणतो, गिळताना कळ आणतो आणि आठ-दहा दिवसांत बरा होतो. रोज सकाळी येऊन दुपारपर्यंत निघून जाणारं आणि सहा महिने चालणारं दुखणं रात्री घडणाऱ्या कशाचं तरी असतं. चौथा कोर्स कोणी लिहून दिला तरी घेऊ नका.

आता रात्री काय होतं ते बघू. रसवंतीवर कागदी नळीने उसाचा रस प्यायलात कधी? पहिले चार घोट ठीक जातात. मग नळी ओली होऊन मऊ पडते. तेव्हा जोराने ओढलं की नळीच्या भिंती आत चिकटतात आणि रस येतच नाही. जितकं जोरात ओढाल तितकी ती घट्ट चिकटते. घशाची तीच गत आहे. पडजिभेच्या मागून स्वरयंत्रापर्यंतचा भाग हाडाचा नाही, नुसता स्नायूंचा आहे. जागेपणी हे स्नायू ताठ राहून वाट उघडी ठेवतात, झोपेत सैल पडतात. वाट अरुंद झाली की हवा जोराने जाते, मऊ टाळू आणि पडजीभ फडफडते, तो आवाज म्हणजे घोरणं. काही जणांत गोष्ट तिथेच थांबते. काही जणांत ओली नळी पूर्ण चिकटते आणि हवा बंद होते. असा श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त अडला की त्याला ॲप्निया म्हणतात.

आवाज बंद झाला म्हणून बायकोला हायसं वाटतं, पण खरी झटापट तेव्हाच चालू असते. छाती हवा ओढतेय, हवा येत नाही. एकदा करून बघा: नाक चिमटीत धरा, तोंड मिटा आणि श्वास आत घ्यायचा प्रयत्न करा. गळ्याखालची खळगी आत खेचली जाते, पोटाला झटका बसतो. साध्या श्वासात छातीच्या पोकळीतली ओढ पाण्याच्या पाच-आठ सेंटिमीटरइतकी असते. बंद घशाशी झगडताना ती पन्नासच्या वर जाऊ शकते. या ओढीच्या बरोबर मधून अन्ननलिका जाते. वर छातीत ओढ, खाली ठासून भरलेल्या पोटात दाब, मग पोटातलं पाणी वर खेचलं जाणारच, असं कोणालाही वाटेल. पुष्कळ डॉक्टरही एवढंच सांगून मोकळे होतात.

पण गोष्ट इतकी सरळ नाही. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं आणि श्वासपटल त्याला बाहेरून चिमटा घेऊन असतं. झोपेत अन्ननलिकेत दाबमापक नळी ठेवून मोजमापं झाली, तेव्हा दिसलं की श्वास अडलेला असताना हे कडं उलट जास्त घट्ट होतं. छाती जितकी ओढते तितकं श्वासपटलही आवळतं. म्हणजे नुसत्या ओढीने दार उघडत नाही, निदान ज्याचं कडं धड आहे त्याचं तरी नाही. ज्याचं जठर श्वासपटलाच्या भोकातून थोडं वर सरकलंय, ज्याला हायटस हर्निया म्हणतात, त्याच्यात कडं आणि चिमटा एकमेकांपासून सुटतात आणि ही ओढ खरोखर भारी पडते. बाकीच्यांत दार उघडतं ते पुढच्या क्षणी.

श्वास अडला, रक्तातला प्राणवायू घसरला की मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. माणूस काही सेकंदांसाठी वर येतो, घशाचे स्नायू ताठ होतात, मोठ्ठा फुरकारा मारून हवा आत जाते आणि तो पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. अन्ननलिकेचं कडं अधूनमधून आपोआप ढिलं पडत असतं, ढेकर यावी म्हणून निसर्गाने ती सोय केलीय. गाढ झोपेत हे ढिलं पडणं जवळजवळ थांबतं. ते होतं जागेपणी आणि अशा चिंधडीचिंधडी जागेपणात. गाढ झोप आपल्या पोटाची राखण करते आणि ॲप्निया तीच राखण रात्रभर मोडत राहतो. तासाला तीस वेळा जाग येणारा माणूस हे कडं उघडण्याची संधीही तितक्याच वेळा देतो. प्रत्येक वेळी आंबट पाणी येतं असं नाही, पण एकदा आलं की पुढचं वाईट असतं.

ते असं. जागेपणी आपण मिनिटाला साधारण एकदा लाळ गिळतो. लाळेत खाण्याच्या सोड्यासारखा गुण असतो, ती अन्ननलिकेतला आंबटपणा मारते. झोपेत लाळ जवळजवळ सुकते, गिळणं तासाला मोजकंच उरतं आणि आडवं झाल्यावर पाणी खाली उतरायला उतारही राहत नाही. दिवसा जे आम्ल दोन-चार मिनिटांत धुतलं गेलं असतं ते रात्री बराच वेळ तिथेच बसतं. अन्ननलिकेच्या वरच्या टोकालाही एक कडं आहे, तेही झोपेत सैल असतं, म्हणून थोडंसं स्वरयंत्रापर्यंत पोचतं. तिथलं अस्तर अन्ननलिकेपेक्षा नाजूक, त्याला थेंबभरही पुरतं. वर तुमच्या घरी पोट भरलेलं आहे: पावणेअकराला जेवण आणि पाऊण तासात आडवे. जड जेवण जठरातून खाली जायला तीन-चार तास घेतं. तुम्ही लिहिलेली दोन-अडीचची वेळ हिशोबात बरोबर बसते.

मात्र एकाने दुसरं होतं, असा एकेरी रस्ता यात नाही, हे मोकळेपणी सांगायला हवं. पोटाचा घेर, रात्रीचं जेवण, दारू आणि तंबाखू ही कारणं दोन्हीकडे सामायिक आहेत. आंबट पाणी स्वतःही झोप मोडतं. आम्लाने घसा सुजून श्वास जास्त अडतो असंही काही जण म्हणतात, पण त्याचा पुरावा कच्चा आहे. म्हणून एकाचा इलाज केला की दुसरं हमखास जाईल असं मी तुम्हाला सांगणार नाही.

सकाळच्या घशाला तीन वेगळी कारणं असू शकतात आणि अशा माणसात बहुतेकदा ती मिसळलेली असतात. पहिलं कोरडेपण: तोंड उघडं, जीभ टाळूला चिकटलेली, दोन घोट पाणी प्यायलं की अर्ध्या तासात बरं. दुसरं मार: रात्रभर फडफडून पडजीभ सुजते. सकाळी दात घासताना आरशासमोर मोबाइलचा टॉर्च लावून बघायला सांगा. लांबट, लाल, पाणी भरल्यासारखी पडजीभ जिभेच्या मुळावर टेकलेली दिसेल आणि घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटत असेल. तिसरं आम्ल: आवाज बसलेला, सारखं खाकरणं, तोंडाला आंबट किंवा कडू चव, कधी रात्री ठसका लागून उठणं आणि दुखणं दुपारपर्यंत रेंगाळणं. आठवडाभर रोज सकाळी तीन गोष्टी लिहून ठेवा: पाण्याने किती वेळात बरं वाटलं, आवाज कसा होता, चव कशी होती. यावरून शंभर टक्के निदान होत नाही, पण माझ्यासमोर बसल्यावर पहिली पाच मिनिटं वाचतात.

दुर्बिणीने घसा बघूनही नेहमी कळत नाही, हे मी स्वतः चूक करून शिकले. काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका यायच्या, पन्नाशीच्या, अंगाने बारीक, खालचा जबडा जरा आत. तक्रार हीच: सकाळी घसा, बसका आवाज, शाळेत बोलवत नाही. मी दुर्बिणीने बघितलं, स्वरयंत्राचा मागचा भाग लालसर दिसला, कागदावर ॲसिडिटी लिहिली आणि गोळ्या दिल्या. घोरता का, हे विचारलंच नाही. बाई बारीक, एकट्या राहणाऱ्या, त्यांना घोरताना ऐकणारं घरात कोणी नाही, आणि बाईमाणूस आपण होऊन असं सांगत नाही. दीड वर्ष गोळ्या चालल्या. जळजळ कमी झाली, घसा तसाच. मग त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली आणि आईच्या खोलीत झोपली. तिने बाळासाठी रात्री जागताना आईचा व्हिडिओ काढला आणि मला दाखवला. बावीस सेकंद शांतता, मग बुडणाऱ्या माणसासारखा श्वास. घशाच्या मागच्या भागाची लाली शिक्षकी पेशाच्या बोलण्याने येते, खाकरण्याने येते, तोंडाने श्वास घेण्यानेही येते. मी तिचा अर्थ एकच लावून बसले होते.

त्यांची झोपेची तपासणी झाली. तासाला ३४ वेळा श्वास अडत होता, म्हणजे सहा तासांच्या झोपेत दोनशेच्या वर. प्राणवायूचा आकडा सर्वांत खाली ७८ पर्यंत गेला होता, तो ९० च्या वर राहायला हवा. तासाला पाचपर्यंत अडणं साधारण समजतात, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या पुढे तीव्र. रिपोर्टवर हाच आकडा एएचआय म्हणून लिहिलेला असतो. जबडा आत असेल तर वजनाशिवायही घसा मुळात अरुंद असतो, म्हणून बारीक माणसाला हे होत नाही हा समज सोडून द्या. त्यांचं पुढे काय झालं ते सांगतेच, आधी तुमच्या घरी या.

तुम्ही उद्यापासून दोन कामं करा. पहिलं, व्हिडिओ. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान, कारण स्वप्नांची झोप उत्तररात्री जास्त असते, त्या झोपेत स्नायू सर्वांत सैल पडतात आणि श्वास जास्त अडतो. ते उताणे असताना पांघरूण छातीवरून खाली करा, मोबाइल उशाशी न धरता पायथ्याच्या बाजूने धरा, म्हणजे छाती आणि पोट दोन्ही दिसेल. दहा मिनिटं पुरतात. नंतर शांतपणे बघा: घोरणं चढत जाऊन अचानक थांबतं का, ती शांतता किती सेकंदांची आहे, आणि तेवढ्या वेळात छाती-पोट हलतंय का. एक वर तर एक खाली असं झोपाळ्यासारखं हलत असेल तर घसा बंद आहे आणि शरीर ओढतंय. छाती-पोट अजिबातच हलत नसेल तर तो वेगळा प्रकार असतो, घशाचा नाही, मेंदूकडून आज्ञाच येत नाही. ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दुसरं, शिवणाचा टेप घेऊन गळ्याचा घेर कंठमण्याच्या पातळीवर मोजा. चाळीस सेंटिमीटरच्या वर असेल तर शंका बळावते. आणि एक प्रश्न विचारा जो तुम्ही पत्रात लिहिला नाही: रात्री लघवीला किती वेळा उठतात? छातीतली ती ओढ हृदयाच्या कप्प्यांनाही ताणते. हृदयाला वाटतं अंगात पाणी जास्त झालं, ते एक संप्रेरक सोडतं आणि मूत्रपिंडं लघवी वाढवतात. दोन-तीनदा उठणाऱ्या कितीतरी पुरुषांची प्रोस्टेटची सोनोग्राफी होते, शुगर तपासली जाते आणि झोपेचं कोणी विचारत नाही. चाळिशीत लागलेली बीपीची गोळीही याच चित्रात बसते.

हे घेऊन छातीरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. मेडिकल, मेयो आणि मिहानच्या एम्समध्ये हे दोन्ही विभाग आहेत. झोपेची तपासणी होईल की नाही आणि नंबर कधीचा, हे आधी विचारून जा. घरी नेऊन लावायचं यंत्रही मिळतं: नाकात नळी, छातीला पट्टा, बोटाला क्लिप. तुमच्या मिस्टरांसारख्या ठळक केसला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. त्याची एक मर्यादा लक्षात ठेवा. ते यंत्र माणूस झोपला आहे की नुसता पडून आहे हे ओळखत नाही, पडून काढलेले तासही हिशोबात धरतं, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. रिपोर्ट चांगला आणि व्हिडिओ वाईट असं झालं तर व्हिडिओवर विश्वास ठेवा आणि दवाखान्यात रात्रभराची पूर्ण तपासणी मागा.

खर्ऱ्यामुळे एक काम थांबवता येणार नाही. आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला असेल, दुखणं घशाच्या एकाच बाजूला असेल, तीच कळ कानात जात असेल, गिळताना अडकत असेल, मानेत गाठ लागत असेल किंवा वजन आपोआप उतरत असेल, तर झोपेच्या तपासणीची वाट न बघता त्याच आठवड्यात दुर्बिणीने घसा बघून घ्या. यातलं काही नसलं तरी एकदा बघाच. तंबाखू-सुपारी तोंडात असलेल्या माणसाचा सहा महिन्यांचा घसा मी न बघता पित्त म्हणून सोडणार नाही. रात्री उठल्यावर छातीत जड वाटलं, घाम आला, दंडात किंवा जबड्यात कळ गेली तर आंबट पाणी आहे असं समजून बसून राहू नका, सरळ इमर्जन्सीत न्या.

आता पित्ताची गोळी. ती पोह्यांनंतर घेऊन अर्धी वाया जातेय. पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या जठरातले आम्ल करणारे पंप बंद करतात आणि हे पंप जेवण आलं की चालू होतात. म्हणून गोळी खाण्याच्या अर्धा तास आधी, रिकाम्या पोटी हवी. तुमच्याकडे त्रास रात्रीचा आहे, तेव्हा ती सकाळी घ्यायची की रात्रीच्या जेवणाआधी, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, स्वतःहून दोन करू नका. आणि ती काय करत नाही तेही समजून घ्या. ती पाणी वर यायचं थांबवत नाही, फक्त त्याची धार कमी करते. पोटातलं पाचक रसांचं पाणी येतच राहतं, आणि श्वास अडायचा तर ती मुळीच थांबवत नाही. जळजळ गेली पण घसा आणि थकवा राहिला असं होतं ते म्हणूनच.

सर्वांत जास्त फरक पडतो तो सीपॅपने, तपासणीत तीव्र किंवा मध्यम निघालं तर. नाकावरच्या मास्कमधून हवेचा सौम्य दाब येतो आणि ओली नळी आतून फुगवून उघडी ठेवतो. घसा बंद होत नाही, ओढ लागत नाही, जाग येत नाही, म्हणून अन्ननलिकेत आम्ल राहण्याचा वेळही उतरतो. अन्ननलिकेत रात्रभर आम्ल मोजूनच हे बघितलेलं आहे. माझ्या त्या शिक्षिकाबाईंना यंत्र लागल्यावर आठवड्याभरात रात्रीचं आंबट पाणी थांबलं. पण घसा? तीन आठवडे तो आधीपेक्षा वाईट झाला. त्या चिडूनच आल्या, यंत्र परत करते म्हणाल्या. रात्री तोंड उघडं पडत होतं, नाकातून आलेली हवा तोंडातून बाहेर जात होती आणि घसा पापडासारखा वाळत होता. यंत्राला गरम बाफेचं भांडं जोडलं, तोंडही झाकणारा मास्क दिला, नाकाच्या ॲलर्जीचा फवारा सुरू केला. पुढच्या पंधरा दिवसांत सकाळी नीट बोलायला लागल्या. काही जणांच्या पोटात या यंत्राने हवा जाते, पोट फुगतं, ढेकरा वाढतात. तसं झालं तर यंत्र कपाटात न ठेवता दाब तपासून घ्यायला परत जायचं.

तपासणीची तारीख मिळेपर्यंत घरी करण्यासारखं आहे, आणि ते दोन्ही त्रासांवर एकदम चालतं. जेवण आणि झोप यात तीन तास. तुम्ही म्हणाल, इतवारीच्या दुकानदाराला हे सांगणं सोपं आहे. मग असं करा: डबा साडेसातला दुकानात पाठवा, भाजी-पोळी तिथेच. घरी आल्यावर वाटीभर भात-वरण किंवा काहीच नाही. रविवारचा सावजी रस्सा दुपारी. मी रस्सा सोडा म्हणत नाहीये, मलाही तो सुटलेला नाही, फक्त त्याची तर्री रात्री अकराला पोटात जाऊ देऊ नका. दारू घेत असतील तर ती घसाही सैल करते आणि कडंही, रात्रीची तर नकोच. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका.

डावी कूस. डाव्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतं, उजव्या कुशीवर ते वर येतं आणि पाणी सहज ओतलं जातं. उताणं न झोपल्याने जीभही मागे पडत नाही, तेव्हा घोरण्यालाही उतार. जुन्या बनियनला पाठीच्या मध्यावर खिसा शिवून त्यात पोराटोरांचा रबरी चेंडू घाला. उताणे झाले की टोचतो आणि माणूस आपोआप वळतो. दिसायला हास्यास्पद आहे, पण काम करतो.

पलंगाची डोक्याकडची बाजू सहा इंच उचला. साधी वीट तीन इंच जाड असते, म्हणजे दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा आडव्या. हलत नाहीत ना ते बघा. दिवाण असेल तर तो उचलता येणार नाही, मग कमरेपासून वर उतार देणारी फोमची पाचर घ्या. दोन उशा मात्र नकोत. उशांनी फक्त मान वाकते, हनुवटी छातीला टेकून घसा आणखी अरुंद होतो आणि पोट दुमडून त्यावरचा दाब वाढतो. लोक नेमकं हेच करतात आणि म्हणतात, डोकं उंच करून काही झालं नाही.

वजनाचं लांबवत नाही. ब्याण्णवमधले नऊ किलो उतरले तर श्वास अडण्याचे प्रकार साधारण चौथ्या हिश्शाने कमी होतात, पोटाचा दाबही उतरतो. पण त्याला वर्ष लागतं, आणि तासाला तीस वेळा गुदमरणाऱ्या माणसाने वर्षभर वाट बघू नये. तोवर दुपारी दुकानात डुलक्या येत असतील तर वर्धा रोडवर रात्रीची गाडी त्यांना चालवू देऊ नका.

आणि पोरीच्या खोलीत झोपायचं म्हणाल, तर खुशाल जा ताई, तुमचीही झोप झाली पाहिजे. फक्त त्याआधी दोन-तीन रात्री थांबून व्हिडिओ काढून घ्या, तारीख-वेळ दिसेल असा. एकदा तुम्ही दार लावून घेतलंत की त्या खोलीत काय होतं ते सांगणारं कोणी उरणार नाही.